रेपो, रिव्हर्स रेपो आणि एमएसएफ: कॉरिडॉरचा तळ कोणता?

प्रश्न: बँका एकमेकींना एका दिवसासाठी कर्ज देतात तो कॉल मनी दर ज्या पट्ट्यात राहतो तो रिझर्व्ह बँकेचा कॉरिडॉर; दोन गुणांच्या उत्तरात त्याचा तळ रिव्हर्स रेपो लिहायचा का?

उत्तर: आता नाही. एप्रिल 2022 पासून तळ म्हणजे एसडीएफ, स्थायी ठेव सुविधेचा दर. जुन्या गाइडमध्ये अजून रिव्हर्स रेपोच असतो, तिथेच गुण जातात.

फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो 6.50% झाला, तेव्हा एसडीएफ 6.25 आणि कॉरिडॉरचे छत असलेला एमएसएफ, म्हणजे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून एका रात्रीसाठी मिळणाऱ्या तातडीच्या कर्जाचा दर, 6.75 होता, रिव्हर्स रेपो मात्र 3.35 वरच, म्हणजे कॉरिडॉरबाहेर. रिझर्व्ह बँकेकडे तारण न घेता 6.25% मिळत असताना कोणती बँक दुसरीला त्याहून स्वस्तात पैसे देईल? उलट एमएसएफमध्ये एसएलआरमधले, म्हणजे बँकांना नियमाने राखावे लागणारे रोखेही ठराविक मर्यादेत तारण चालतात, म्हणून 6.75 च्या वर सहसा कोणी कर्ज उचलत नाही. कॉल मनी दर या दोन्हींमध्ये, शक्यतो रेपोजवळ राहतो.