घड्याळ मागे गेलं त्या रात्रीचे तास किती धरायचे?

प्रश्न: "मी चिपळूणहून ब्रिटनमधल्या एका केअर होमचं पेरोल करते. २५ ऑक्टोबरच्या रात्रपाळीचे (रात्री १० ते सकाळी ७) शीटमध्ये नऊ तास येतात, पण तिथली एक केअरर म्हणते दहा भरले. मॅनेजरचं म्हणणं, मार्चमध्ये एक तास कमी होतो, तेव्हा फिटंफाट. मी काय धरू?"

ताई, दहा धरा. बाईंचं बरोबर आहे आणि ते तुम्हाला तुमच्याच भिंतीवरच्या घड्याळात दिसेल.

आपल्याकडे घड्याळ कधी पुढेमागे होत नाही, त्यामुळे दोन्ही टोकं आपल्या वेळेत मांडली की हिशेब उघडा पडतो. २५ ऑक्टोबर २०२५च्या रात्री तिथे घड्याळ एक तास पुढे ठेवणारी उन्हाळी वेळ चालू होती, म्हणजे आपण साडेचार तास पुढे. बाई दहाला हजर झाल्या तेव्हा चिपळुणात पहाटेचे अडीच वाजले होते. मग तिथे रात्री दोनला घड्याळ परत एकवर आलं आणि अंतर साडेपाच तासांचं झालं. सातला त्या सुटल्या तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेबारा. अडीच ते साडेबारा, दहा तास. मार्चच्या शेवटच्या रविवारी हेच उलटं होतं. हीच पाळी आपल्या साडेतीनला सुरू होऊन साडेअकराला संपते, म्हणजे आठच तास.

शीट चुकते कारण ती घड्याळाचे आकडे वजा करते, मधे काय झालं ते तिला ठाऊक नसतं. A2 मध्ये सुरुवातीची आणि B2 मध्ये शेवटची वेळ घेऊन रात्रपाळीसाठी बहुतेक जण हे सूत्र वापरतात:

```
=MOD(B2-A2,1)*24
```

याने पाळीचे नऊ तास येतात, आणि नऊ हा आकडा इतका साधा दिसतो की कुणाला शंकाच येत नाही. खरा घोळ जेवणाच्या सुट्टीत कळतो. समजा बाई ०१:४५ला सुट्टीवर गेल्या आणि अर्ध्या तासाने परतल्या. तोवर घड्याळ मागे गेलेलं, म्हणून मशीनवर परतीचा पंच ०१:१५चा. वरचं सूत्र या सुट्टीचे साडेतेवीस तास दाखवतं! असा आकडा दिसला तर पंच चुकला असं समजून तो हाताने दुरुस्त करू नका. मी सुरुवातीला तेच केलं होतं, दोन्ही वेळांची अदलाबदल केली. सुट्टी अर्ध्या तासाचीच आली म्हणून मी निश्चिंत झालो, आणि पाळीतला गायब झालेला तास माझ्या नजरेतून सुटला.

सेलमध्ये तारखेसकट वेळ भरा. C मध्ये सुरुवातीला उन्हाळी वेळ असेल तर 1, नसेल तर 0; D मध्ये तसंच शेवटच्या वेळेसाठी. मग:

```
=(B2-A2)*24+C2-D2
```

पाळीला ९ + १ − ० = १०. सुट्टीला −०.५ + १ = ०.५. मार्चमध्ये C शून्य आणि D एक, म्हणून ९ − १ = ८. उत्तराचा सेल साध्या आकड्याच्या फॉरमॅटमध्ये ठेवा, वेळेच्या नको.

एका जागी मात्र सूत्राचं काही चालत नाही. त्या रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो. कुणी ०१:२०ला घरी गेलं असेल तर ते पहिलं ०१:२० की दुसरं, हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही आणि पगारात पूर्ण एका तासाचा फरक पडतो. अशा वेळी मशीनचा मूळ लॉग मागवा, एक्सेलमध्ये काढून पाठवलेली यादी नको. लॉगमध्ये पंच ज्या क्रमाने पडले त्याच क्रमाने असतात, त्यामुळे आजूबाजूचे पंच पाहून कळतं. शिवाय मशीनचं घड्याळ आपोआप बदललं की कुणी सकाळी येऊन हाताने बदललं, हेही विचारा. सातनंतर हाताने बदललं असेल तर सातचा पंच आठचा पडलेला असतो. तिथे D मध्येही 1 लिहा, नाहीतर एक तास जास्त जाईल.

आता मॅनेजरची फिटंफाट. मार्चच्या रात्री कामावर कोण असेल ते कुणाला माहीत? ऑक्टोबरला राबलेली व्यक्ती तोवर नोकरी सोडूनही गेलेली असेल. करारात तासावर पगार असेल तर जेवणाच्या सुट्टीचा अर्धा तास बिनपगारी असल्यास तो वजा करून साडेनऊ तासांचे पैसे द्यायचे. पाळीमागे ठरीव रक्कम असेल तर करार काय म्हणतो ते आधी वाचा, पण तिथेही किमान वेतनाची मर्यादा आहेच. ऑक्टोबर २०२५मध्ये २१ वर्षं आणि त्यावरच्यांना ती तासाला १२.२१ पाउंड होती, आणि ती त्या पगार-कालावधीतल्या प्रत्यक्ष तासांवर मोजतात. या बाई नेमक्या त्याच दरावर असतील, तर एक तास गाळला की पगार कायद्याच्या खाली गेला. मॅनेजरना हे एवढंच लिहून पाठवा, आणि शेऱ्याच्या रकान्यात "२६ ऑक्टोबरला घड्याळ मागे, प्रत्यक्ष १० तास" अशी नोंद ठेवा. म्हणजे पुढच्या महिन्यात शीट तपासणारा तो जादा तास चूक समजून पुसून टाकणार नाही.