कादंबरीच्या प्रकरणाचा खर्डा हस्तलिखिताच्या ठरीव मांडणीत कसा बसवायचा?

प्रश्न : कादंबरीचं एक प्रकरण संपादकाला पाठवायचंय. वेगवेगळ्या वेळी लिहिलेले तुकडे जोडलेत, त्यामुळे कुठे टॅब, कुठे स्पेस, कुठे दोन परिच्छेदांत रिकामी ओळ, आणि प्रसंग बदलला की कधी तारे तर कधी नुसती मोकळी जागा. वर्डमध्ये हे सगळं एकसारखं कसं करू?

उत्तर :

आधी एक सावधगिरी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रिकाम्या ओळी एका फटक्यात उडवायला जाऊ नका. तुमच्या फाइलमध्ये काही रिकाम्या ओळी नुसता कचरा आहेत आणि काही ‘इथे प्रसंग बदलला’ हे सांगतात. वर्डला दोन्ही सारख्याच दिसतात. सगळ्या काढून टाकल्या की स्टेशनवरची रात्र आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ एकाला एक चिकटते, आणि मग ती जागा शोधायला प्रकरण पहिल्यापासून वाचावं लागतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी प्रसंगबदल खुणेने पक्के करायचे, मग रिकाम्या ओळी काढायच्या, आणि इंडेंट सगळ्यात शेवटी.

गाठायचं काय आहे तेही सांगतो. सगळीकडे एक इंच समास, १२ पॉइंटचा साधा फॉन्ट, ओळींमध्ये दुप्पट अंतर, मजकूर डावीकडून सरळ आणि उजवीकडे ओबडधोबड सोडलेला. प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ अर्धा इंच आत, पण दोन परिच्छेदांमध्ये जास्तीची जागा अजिबात नाही. प्रसंग बदलतो तिथे एका ओळीत मधोमध एकच # चिन्ह. वर उजव्या कोपऱ्यात आडनाव, शीर्षकातला एखादा शब्द आणि पानाचा क्रमांक. प्रकरण नव्या पानावर, साधारण एक तृतीयांश पान सोडून सुरू होतं. संपादकाच्या किंवा प्रकाशकाच्या लेखी सूचना याहून वेगळ्या असतील तर त्याच पाळायच्या, तिथे वाद नाही.

मोकळ्या जागेऐवजी #च का? रिकामी ओळ नेमकी पानाच्या तळाशी किंवा माथ्यावर आली की दिसेनाशी होते. वाचणाऱ्याला वाटतं, पान संपलं म्हणून मजकूर तुटला. शिवाय मजकूर एखाद्या ऑनलाइन अर्जाच्या चौकटीत चिकटवला की स्टाइल आणि अंतरं गळून पडतात, # मात्र अक्षर असल्यामुळे टिकतं. छापील पुस्तकात तिथे नक्षी येईल की मोकळी जागा, हे पुढे मांडणी करणारा ठरवेल. तुमचं काम जागा दाखवण्यापुरतं.

आता फाइलची एक प्रत काढा आणि त्या प्रतीवरच काम करा. `Ctrl+Shift+8` दाबलंत की लपलेली चिन्हं दिसू लागतात: ¶ म्हणजे एंटर, बाण म्हणजे टॅब, बारीक टिंब म्हणजे स्पेस. तुमच्या वर्णनावरून चित्र असं काहीसं असेल:

```
गाडी सुटली होती.¶
¶
→तो परत वळला.¶
¶
¶
सकाळी दार वाजलं.¶
```

इथे परिच्छेदांमध्ये एक रिकामी ओळ आहे आणि प्रसंग बदलताना दोन. हा फरक असेल तर निम्मं काम `Ctrl+H` ची शोधा-बदला खिडकी करून देते. तिथे एंटरसाठी `^p` आणि टॅबसाठी `^t` लिहायचं. `Use wildcards` वर टिक नाही ना, तेवढं बघा. टिक असेल तर तारा म्हणजे ‘काहीही’ असा अर्थ घेतला जातो, आणि * बदलायला गेल्यावर भलताच मजकूर गायब होतो.

पहिल्यांदा टोकांवरचे टॅब आणि स्पेस काढा. `^p^t` च्या जागी `^p`. मग `^p` आणि त्याच्यापुढे एक स्पेस, याच्या जागी `^p`. मग उलटं: स्पेस आणि त्याच्यापुढे `^p`, याच्या जागीही `^p`. प्रत्येक वेळी बदलांची संख्या शून्य येईपर्यंत `Replace All` दाबत राहायचं. ही पायरी गाळू नका, कारण रिकामी वाटणारी ओळ पुष्कळदा रिकामी नसते. तिच्यात एक स्पेस बसलेली असते आणि मग पुढचा शोध तिला ओलांडून जातो. फाइलच्या अगदी पहिल्या परिच्छेदातला टॅब मात्र हाताने काढा. त्याच्या आधी `^p` नसतं, त्यामुळे तो या शोधात येतच नाही.

मग `***`, `* * *` वगैरे आधीच्या ज्या खुणा असतील त्या एकेक करून # मध्ये बदला. ताऱ्यांमधल्या स्पेस दर वेळी सारख्या असतीलच असं नाही, म्हणून प्रत्येक रूप वेगळं शोधावं लागतं. आणि आता मुख्य दोन बदल, याच क्रमाने:

```
^p^p^p   →   ^p#^p
^p^p     →   ^p
```

पहिल्या बदलाने दोन रिकाम्या ओळींचा # झाला. दुसऱ्याने उरलेल्या एकेकट्या रिकाम्या ओळी गेल्या. दुसरा बदल शून्य येईपर्यंत करायचा. हाती येतं ते असं:

```
गाडी सुटली होती.¶
तो परत वळला.¶
#¶
सकाळी दार वाजलं.¶
```

एखाद्या ठिकाणी पाच-सहा रिकाम्या ओळी असतील, किंवा ताऱ्यांच्या आजूबाजूला दोन-दोन ओळी सोडलेल्या असतील, तर लागोपाठ दोन-तीन # येतात. `^p#^p#^p` शोधून त्याचा `^p#^p` करा, हेही शून्य येईपर्यंत.

आता अडचणीचा भाग. तुमच्या काही तुकड्यांत परिच्छेदांमध्येही एक ओळ आणि प्रसंगबदलालाही एकच ओळ सोडलेली असेल, तर कुठलीही युक्ती चालणार नाही. ते तुकडे बदल करण्याआधी वाचा आणि वेळ, जागा किंवा दृष्टिकोन बदलतो तिथे स्वतः # टाका. कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते फायद्याचंही आहे. ‘इथे खरंच प्रसंग बदलतोय की मी नुसता दम घेतलाय?’ हा प्रश्न अशाच वेळी पडतो, आणि काही खुणा तिथल्या तिथे रद्द होतात.

आणखी एक छुपी भानगड. तीन तारे किंवा तीन डॅश टाइप करून एंटर मारलं की वर्ड पुष्कळदा त्याची पानभर आडवी रेघ करून टाकतं. ती रेघ म्हणजे अक्षर नव्हे, वरच्या परिच्छेदाला लागलेली बॉर्डर असते. त्यामुळे ती शोधून सापडत नाही आणि पुसायला गेलं तरी हलत नाही. वरचा परिच्छेद निवडून `Borders` मधून `No Border` करा आणि त्याच्याखाली # टाका. तुमच्या फाइलमध्ये रेघा असतील तर हे काम सगळ्या शोध-बदलांच्या आधी उरका, कारण तिथे प्रसंगबदल आहे हे सांगणारं दुसरं काही नसतं.

आता इंडेंट. तो टॅबने किंवा स्पेसने द्यायचा नाही, स्टाइलमध्ये द्यायचा. ‘मजकूर’ नावाची नवी स्टाइल बनवा. तिच्या `Paragraph` खिडकीत `Special` मध्ये `First line`, `By` मध्ये अर्धा इंच म्हणजे १.२७ सेंटीमीटर, `Before` आणि `After` दोन्ही शून्य, `Line spacing` ला `Double`. `After` आठवणीने शून्य करा. वर्ड मुळात तिथे काही पॉइंट भरून ठेवतं, आणि एवढी साफसफाई करूनही परिच्छेदांमध्ये फट दिसते ती बहुधा त्यामुळेच. `Ctrl+A` करून ही स्टाइल सगळ्याला लावा. एक धोका: एखादा परिच्छेद बहुतांश तिरप्या अक्षरांत असेल, समजा पात्राने लिहिलेलं पत्र, तर स्टाइल लावताना त्याची तिरपी अक्षरं सरळ होऊ शकतात. अशा जागा मूळ प्रतीशी ताडून बघा.

देवनागरीत दोन गोष्टी वेगळ्या पडतात. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतं, म्हणून स्टाइलच्या `Font` खिडकीत `Complex scripts` खाली फॉन्ट आणि आकार वेगळा भरावा लागतो. वरच्याच चौकटीत १२ टाकलंत तर मराठी मजकूर ढिम्म हलत नाही. दुसरं, काही देवनागरी फॉन्टची ओळ मुळातच उंच असते, आणि `Double` केल्यावर पानावर जेमतेम मूठभर ओळी मावतात. तसं झालं तर `Exactly` निवडून २४ पॉइंट द्या. रफार किंवा उकार कापला जातोय असं दिसलं तर आकडा थोडा वाढवा.

# साठी वेगळी स्टाइल हवी: मधोमध, `Special` मध्ये `(none)`, आणि `Style for following paragraph` ला ‘मजकूर’. इंडेंट काढायचा राहिला तर # मधोमध दिसतो खरा, पण पाव इंच उजवीकडे सरकलेला असतो. सहज लक्षात येत नाही. रूलरवर वरचा त्रिकोण खालच्या त्रिकोणाच्या बरोबर वर नसेल तर समजा, इंडेंट राहिलाय.

# नंतरच्या पहिल्या परिच्छेदाला इंडेंट द्यायचा का, हे तुम्ही पुढे विचारालच. छापील पुस्तकांत तो पुष्कळदा नसतो. हस्तलिखितात मी देतो, कारण मग मजकुराची एकच स्टाइल राहते आणि प्रसंग इकडचा तिकडे हलवला तरी काही बिघडत नाही. तुम्हाला नसेलच द्यायचा, तर त्यासाठी तिसरी स्टाइल करा. हाताने एकेका ठिकाणी काढत बसलात की तीन ठिकाणी निघतो आणि चौथ्या ठिकाणी राहतो.

प्रकरणाच्या शीर्षकाला `Heading 1` लावा, त्यात `Page break before` वर टिक करा आणि `Before` मध्ये मोठा आकडा देऊन ते खाली आणा. एंटर मारमारून खाली ढकलू नका. पुढे कधी `^p^p` चा बदल पुन्हा चालवलात तर ते एंटर उडतील आणि शीर्षक माथ्याला जाऊन चिकटेल.

पाठवण्याआधी `Ctrl+F` मध्ये # टाका. प्रकरणात पाच प्रसंग असतील तर चार # सापडले पाहिजेत. कमी सापडले तर दोन प्रसंग कुठेतरी चिकटलेत, जास्त सापडले तर कुठेतरी खूण दुबार पडलीय. मग `^t` शोधा, उत्तर शून्य यायला हवं. `^p^p` चंही तसंच, फक्त फाइलच्या अगदी शेवटी एखादं हटवादी ¶ उरलं असेल तर ते हाताने काढा.