क्यू बदलून मागायचाय? अर्ज असा लिही

भाऊ, कस्टमर सपोर्टमधे एका प्रकारच्या तिकिटांच्या क्यूतून दुसऱ्या क्यूत जायचं तर पहिल्या अर्जात सगळे "तेच तेच काम करून कंटाळलो" लिहितात अन् टीमलीड म्हणतो कंटाळा तर सगळ्यांनाच येतो, विषय तिथंच संपतो ना. कुठून सुटायचंय ते नको, कुठं जायचंय ते लिही, क्यूचं नाव घेऊन:

"सर, सहा महिने पासवर्ड रीसेटची तिकिटं बघतोय, क्वालिटी स्कोअर जोडलाय. मला बिलिंग तक्रारींच्या क्यूत घ्यावं. आधी आठवडाभर रोज दोन तास बसवून बघा, माझ्या जागी येणाऱ्याला मी शिकवून देईन."

शेवटचं वाक्य गाळू नको भो, तू गेल्यावर तिकिटं तुंबतील हीच टीमलीडची खरी काळजी असते. राजीनाम्याची धमकी नको, अन् त्याला टाळून थेट मॅनेजरला मेल तर अजिबातच नको. आपल्याकडं जळगावात ऑफिसं छोटी, क्यू दोनचारच, म्हणून बिलिंगमधे जागा आहे का ते आधी तिथल्या पोरांना विचार, मगच पाठव.