नानांचं ताट मागच्या खोलीत का जातं?

"नाना ७४ वर्षांचे, चोपड्याला भावाकडे असतात. आई गेल्यापासून एकटे पडलेत. पाच महिन्यांत वजन ६२ वरून ५४ किलोवर आलं. कवळी सैल झाली म्हणून डबीतच असते. चहा पिताना थोडा ठसका लागतो. हल्ली ताट घेऊन मागच्या खोलीत बसतात. वहिनी म्हणते, निम्मं टाकतात. मी पुण्याहून प्रोटीन पावडर पाठवते, तीही पडून राहते. त्यांचं मन कसं रमवू?"

ताई, पावडर पाठवणं आधी थांबवा. ती पातळ दुधात घालून प्यायची, आणि नानांना नेमकी पातळ घोटाचीच धास्ती आहे. पाणी, चहा, दूध घशात भर्रकन उतरतं. श्वासनलिकेचं तोंड वेळेवर मिटलं नाही, तर थेंब आत जातो. चारचौघांत ठसका लागून डोळ्यांत पाणी यायला नको, म्हणून माणूस ताट घेऊन आत जातो. आईची आठवण येत असेलच, पण त्यांना पंगतीतून या ठसक्यानं उठवलंय.

या शनिवारी चोपड्याला जा आणि एक जेवण त्यांच्यासमोर बसून बघा. घोट गिळल्यावर त्यांना "आ" म्हणायला सांगा. आवाज घशात पाणी खुळखुळल्यासारखा ओला आला, तर गिळण्यात बिघाड असण्याची दाट शक्यता आहे. नाही आला म्हणून निर्धास्त होऊ नका. कधी कधी थेंब ठसक्याविनाही आत जातो आणि पुढे न्यूमोनिया होतो. घास गालात साठतो का, तेही बघा.

सोमवारी जळगावला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन आपोआप घटलं तर तपासणी हवीच, नानांचं जवळपास तेरा टक्के घटलंय. डॉक्टरांना एक गोष्ट नेमकी सांगा: अडकतं काय? पातळाने ठसका लागत असेल तर दोष बहुधा घशाच्या नसा-स्नायूंत असतो, कधी न कळलेला छोटा पक्षाघातही निघतो. भाकरी छातीत अडकत असेल तर अन्ननलिका दुर्बिणीने बघावी लागते. गिळण्याची तपासणी आणि व्यायाम स्पीच थेरपिस्टकडे होतात, तेही विचारा.

तोवर दूध-भाकरी आणि शेवभाजी बंद. रस्सा आधी घसरतो, गोळा मागे राहतो, एका घासात दोन चाली घशाला जमत नाहीत. घट्ट, एकजीव द्या: वांग्याचं भरीत बारीक घोटून, त्यात तेल सढळ, तूप घालून मऊ घोटलेली खिचडी, कुस्करलेलं पिकलेलं केळं. खुर्चीत ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, चमचा लहान, पहिला घास उतरल्यावरच दुसरा. जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका.

कवळी बरोबर न्या. दात नसले की हिरडीखालचं हाड झिजत जातं, म्हणून ती सैल पडते. दंतवैद्य बऱ्याचदा त्याच कवळीला आतून नवं अस्तर लावून देतात.

आणि वहिनींना सांगा, नानांचं ताट स्वयंपाकघरातच वाढायचं. ठसका लागला तर कोणी पाठ थोपटायची नाही, पाणी पुढे करायचं नाही. त्यांना वाकून खोकू द्या, आणि बाकीच्यांनी आपलं जेवण चालू ठेवा. आवाजच फुटेना, श्वास अडला, तर मात्र एक क्षणही थांबू नका: वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताने जोरात पाच थापा मारा आणि १०८ ला फोन लावा.