निकालाच्या दिवशी स्प्रेड का रुंदावतो?

प्रश्न : शेअरच्या खरेदी आणि विक्रीच्या भावांतला फरक, म्हणजे स्प्रेड, ही दलालाची कमाईच ना?

दलाली वेगळी असते. स्प्रेड मिळतो तो आधीपासून लिमिट ऑर्डर, म्हणजे आपला भाव ठरवून दिलेली ऑर्डर, लावून थांबलेल्याला आणि त्यातून त्याला तीन खर्च भागवायचे असतात. पहिला खर्च यंत्रणेचा आणि बाजाराच्या शुल्कांचा; उलाढाल मोठी असली, की तो दर शेअरमागे किरकोळ ठरतो. दुसरा साठ्याचा: अंगावर आलेले शेअर विकले जाईपर्यंत भाव पडू शकतो, म्हणून असा व्यापारी ९९.८० आणि १००.२० हे आपले दोन्ही भाव, समजा, दहा पैशांनी खाली आणतो, जेणेकरून गिऱ्हाईक यावे आणि विकणाऱ्यांचा ओघ आटावा. तिसरा खर्च समोरच्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असण्याचा, आणि बातमीच्या दिवशी सहसा तोच सर्वांत जड जातो.

प्रश्न : हा तिसरा खर्च रुपयांत कसा काढतात?

ग्लॉस्टन आणि मिलग्रोम या अर्थतज्ज्ञांनी १९८५ मध्ये मांडलेली रीत कागदावर करून पाहता येते. समजा, शेअरची खरी किंमत १०२ किंवा ९८ असण्याची शक्यता सारखीच आहे आणि शंभर व्यवहार करणाऱ्यांपैकी दहा जणांना ती ठाऊक आहे. उरलेल्या नव्वदांपैकी निम्मे आपापल्या गरजेने घेतात, निम्मे विकतात. किंमत १०२ असेल तर ५५ जण खरेदीला येतील, ९८ असेल तर ४५. म्हणजे खरेदीदार समोर आला, एवढ्यावरूनच अपेक्षित किंमत १००.२० होते, आणि विकणारा आला तर ९९.८०. यंत्रणेचा खर्च शून्य धरला तरी चाळीस पैशांचा स्प्रेड उरतोच.

प्रश्न : तिमाही निकाल यायच्या आधीच स्प्रेड का वाढतो? आणि बातमी सर्वांना कळल्यावर तो लगेच का आवळत नाही?

वरच्याच हिशेबात संभाव्य किमती ११० आणि ९० धरा. जाणकार दहाच राहिले, तरी भाव १०१ आणि ९९ होतात, स्प्रेड दोन रुपयांवर जातो. जाणकार वीस झाले तर चार रुपयांवर. शिवाय भाव जोरात हलणार असल्याने साठा बाळगण्याची जोखीमही वाढते, त्यामुळे कित्येक जण वेळ जवळ आली की ऑर्डर काढूनच घेतात.

बातमी फुटल्यावर प्रश्न वेगाचा आणि अर्थ लावण्याचा असतो. ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या बैठकीबाहेर, बाजार चालू असताना, रेपो दर ४० आधारबिंदूंनी वाढवून ४.४० टक्के केला. अशा क्षणी जुन्या भावाची ऑर्डर काढायला उशीर झाला, तर चपळ व्यापारी तीच आधी उचलतो. दर किती वाढला हे सर्वांना एकदमच कळते, पण एखाद्या बँकेच्या नफ्यावर त्याचा काय परिणाम होईल, हे काहींना इतरांआधी उमगते.

हा तिसरा खर्च प्रत्यक्ष व्यवहारात असा मोजतात : तुम्ही १००.२० ला घेतलेत, तेव्हा खरेदी-विक्रीच्या भावांच्या मधला भाव १०० होता आणि पाच मिनिटांनी तो १००.१५ झाला, तर त्या वीस पैशांपैकी पंधरा समोरच्याने गमावले, त्याच्या हाती पाचच राहिले. एका व्यवहारावरून मात्र काहीच ठरत नाही. अशा शेकडो व्यवहारांची सरासरी काढावी लागते.