‘अन्वये’, ‘सह’ आणि एका एफआयआरमधल्या अनेक तारखा

प्रश्न : वडिलांच्या फसवणुकीच्या एफआयआरची प्रत ऑगस्ट २०२४ ची आहे, बोरिवलीची. वर ‘कलम १७३ बी.एन.एस.एस. अन्वये’ असं आहे आणि आत भा.दं.वि. ४२०, ३४. जुना कायदा गेला ना? की टायपिंगचा घोळ आहे? शिवाय मजकुरात ‘४२० सह ३४’ लिहिलंय, तक्त्यात ‘सह’ नाही. आणि बाबा ‘तक्रारदार’ की ‘फिर्यादी’?

उत्तर : घोळ नाही. मात्र ‘अन्वये’ हा शब्द या कागदावर दोन निरनिराळी कामं करतो, तिथे वाचणारा फसतो. अन्वय म्हणजे अनुसरून जाणं. मथळ्यातलं ‘अन्वये’ सांगतं, की खबर कोणत्या कायद्याला अनुसरून नोंदवली. तक्त्यातली कलमं सांगतात, की कृत्य कोणत्या कायद्याने गुन्हा ठरतं. नोंदणीला नोंदणीच्या दिवशीची कार्यपद्धती लागते आणि गुन्ह्याला तो घडला त्या दिवशीचा दंडविधान. कार्यपद्धतीचा बी.एन.एस.एस., म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, आणि भा.दं.वि.च्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता, हे दोन्ही नवे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. त्यामुळे पैसे मे महिन्यात गेले आणि खबर ऑगस्टमध्ये दिली, तर मथळा नवा आणि कलमं जुनी, हेच बरोबर.

म्हणून आधी कलमं न वाचता तारखा वाचा. पहिल्या रकान्यातली तारीख प्रथम खबर नोंदवल्याची. शेजारचा प्रथम खबर क्रमांक, म्हणजे बोलण्यातला गु.र.क्र., दर वर्षी त्या त्या ठाण्यात नव्याने सुरू होतो. त्यामुळे ठाण्याचं नाव आणि वर्ष जोडल्याशिवाय नुसत्या आकड्यावरून काही सापडत नाही. गुन्हा कधी घडला ते तिसऱ्या रकान्यात ‘दिनांक पासून’ आणि ‘दिनांक पर्यंत’ असं असतं. त्याखाली ठाण्यावर माहिती मिळाल्याची तारीख-वेळ आणि ठाणे दैनंदिनीतली नोंद येते. दैनंदिनी म्हणजे स्टेशन डायरी.

समजा, तुमच्या प्रतीत ‘पासून १०/०१/२०२४, पर्यंत २८/०५/२०२४’ आहे आणि माहिती मिळाली १४/०८/२०२४ ला. पहिला आकडा दिवसाचा, दुसरा महिन्याचा. सगळा व्यवहार १ जुलैच्या आधी संपला, म्हणून ४२०. पण शेवटचा हप्ता ५ जुलैला उकळला असेल आणि ‘पर्यंत’ मध्ये २८ मे पडलं असेल, तर ती चूक नुसत्या तारखेची राहत नाही. त्या हप्त्यापुरतं भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) लागतं का, हा प्रश्न उभा राहतो. बँकेचं विवरणपत्र शेजारी ठेवून पहिला आणि शेवटचा हप्ता ताडून बघा.

२८ मे ते १४ ऑगस्ट या अंतराचं कारण आठव्या रकान्यात, म्हणजे विलंबाच्या कारणांत, यायला हवं. तो रकाना कोरा दिसला तर बाराव्यातली हकीकत वाचा. ‘पैसे परत देतो असे सांगून वेळ मारून नेली’ अशासारखं वाक्य तिथे असलं, तर विलंबाचा खुलासा निदान कागदावर आला आहे.

आता ‘सह’. ‘सह’ म्हणजे ‘च्या जोडीने वाचायचं’. कलम ३४ हा स्वतंत्र गुन्हा नाही. अनेकांनी समान इराद्याने कृत्य केलं, तर प्रत्येकजण ते एकट्याने केल्यासारखा जबाबदार, एवढंच ते सांगतं. ते ४२० ला टेकूनच उभं राहतं. तक्त्यात मात्र ‘सह’ला जागाच नसते. प्रत्येक कलम आपापल्या ओळीत बसतं आणि वाचणाऱ्याला दोन गुन्हे लागल्यासारखे वाटतात. नव्या संहितेत याच अर्थाची तरतूद ३(५) मध्ये आहे. कुणी सवयीने ‘३४ भा.न्या.सं.’ लिहिलं तर अर्थ उलटाच होतो, कारण तिथलं ३४ स्वसंरक्षणाचं आहे!

‘तक्रारदार’ आणि ‘फिर्यादी’ पोलिसी मराठीत एकाच माणसासाठी येतात. सहाव्या रकान्यात ‘तक्रारदार / माहिती देणारा’ छापलेलं असतं आणि हकीकतीत त्याचाच ‘यातील फिर्यादी’ होतो. मला विचाराल तर ‘खबर देणारा’ हाच शब्द नेमका. कायद्याच्या काटेकोर अर्थाने तक्रार दंडाधिकाऱ्यांपुढे होते, पोलिसांना दिली जाते ती खबर. फरक महत्त्वाचा ठरतो तो इथे, की खबर देणारा आणि पीडित एकच असेल असं नाही. पैसे आईच्या खात्यातून गेले आणि ठाण्यात बाबा गेले, तर सहाव्या रकान्यात बाबाच येतील. आईचं नाव आणि खातं हकीकतीत आहे ना, ते पाहा. प्रत मात्र कलम १७३(२) प्रमाणे खबर देणाऱ्याला किंवा पीडिताला विनामूल्य मिळते.