आकाशगंगा शरदातलीच

प्रश्न: जपानी हायकूत ऋतू सांगणारे शब्द असतात म्हणे. कोणता शब्द कोणत्या ऋतूचा, हे कसं ओळखायचं?

उत्तर: आजच्या तारखा बघून ओळखायला गेलात तर हमखास चुकाल.

मागे एका दिवाळी अंकाला मी जपानी कवी बाशोच्या एका हायकूचा अनुवाद दिला होता. खवळलेला समुद्र, पलीकडे सादो बेट आणि तिथवर आडवी पसरलेली आकाशगंगा. खाली टीप होती, ‘आकाशगंगा म्हणजे शरदाचा आरंभ.’ अंक हातात आला तर शरदाचा उन्हाळा झालेला, तोही मला न विचारता. फोन केला तेव्हा संपादक म्हणाले, “अहो ताई, आकाशगंगेचा तो तानाबाता सण सात जुलैला असतो. जुलैत कसला शरद?”

सात जुलै आली ती १८७३ पासून जपानने पाश्चात्य कॅलेंडर घेतल्यामुळे. बाशोची ही कविता १६८९ ची, उत्तरेकडच्या पायी प्रवासात एचिगोच्या किनाऱ्यावरची. तेव्हा तानाबाता सातव्या चांद्रमासाच्या सप्तमीला यायचा, म्हणजे साधारण आपल्या श्रावणात. त्या वर्षी तोवर निम्मा ऑगस्ट उलटून गेला होता. जुन्या गणतीत सातवा, आठवा आणि नववा हे महिने शरदाचे. शिवाय सप्तमीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि काळोखात आकाशगंगा उठून दिसते. सात जुलैला जपानात बहुतेक ठिकाणी पावसाळी ढग असतात. आजही सेंदाई शहराचा प्रसिद्ध तानाबाता ऑगस्टमध्येच होतो.

एवढं कळलं की बाकीचे शब्द आपोआप जागेवर बसतात. हायकूतला वसंत ४ फेब्रुवारीच्या आसपास लागतो, ग्रीष्म ५-६ मे, शरद ७-८ ऑगस्ट आणि हिवाळा ७-८ नोव्हेंबरला. नववर्षाच्या शब्दांचा विभाग वेगळा. म्हणून ऑगस्टअखेरचा जीव काढणारा उकाडा, ‘झान्शो’, शरदात जातो. नुसता चंद्र आला तर शरद; धुरकट चंद्र, ‘ओबोरोझुकी’, असेल तर वसंत. ‘सामिदारे’ ही पाचव्या चांद्रमासातली झड, म्हणजे जूनच्या सुमाराचा ग्रीष्मातला पाऊस. ‘शिगुरे’ ही आली-गेली अशी सर, हिवाळ्याच्या तोंडाची. आणि नावावर तर अजिबात जाऊ नका. ‘कोहारू’ म्हणजे छोटा वसंत, पण तो शब्द हिवाळा लागतानाच्या उबदार दिवसांचा आहे.

शंका आली की साइजिकी, म्हणजे ऋतुशब्दांचा कोश, उघडायचा. अंदाज बांधायचा नाही.

हो, काही आधुनिक साइजिकींनी असे शब्द आजच्या कॅलेंडरप्रमाणे हलवलेत, आणि ऋतुशब्द नसलेले हायकूही लिहिले जातात. आजच्या कवीला ते लावा, माझी काही हरकत नाही. पण १६८९ च्या कवितेखालची टीप १८७३ नंतरच्या तारखेवरून खोडायची नसते, आणि खोडायचीच असेल तर अंक छापायला जाण्याआधी अनुवादकाला एक फोन करायचा असतो.